मदत हवी आहे : वडिलोपार्जित सहा एकरांपैकी माळाच्या दोन एकरांत काय करावे?

निनाद

नमस्कार. माझ्या धाकट्या चुलतभावाने मला एक पत्र पाठवले आहे. जमीन माझे वडील आणि त्याचे वडील अशा दोघांच्या नावावर आहे, परंतु ती कसतो एकटा तोच. मी शहरात राहतो आणि शेतीतले मला फारसे कळत नाही, त्यामुळे त्याच्या संमतीने पत्रातला कामापुरता भाग येथे देत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

*प्रिय दादा,*

*सप्रेम नमस्कार.*

*जमिनीबद्दल तुझ्याशी सविस्तर बोलावे असे बरेच दिवस मनात होते. फोनवर ते नीट होत नाही, म्हणून लिहितो आहे.*

*आपल्या सहा एकरांपैकी ओढ्याकडची चार एकर काळी जमीन मी आहे तशीच ठेवणार आहे. तिथे पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा असे चालले आहे आणि ते मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही. प्रश्न आहे तो वरच्या दोन एकर माळाचा. तिथे वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि पावसाने दहा-बारा दिवस दडी मारली की पीक माना टाकते. दरवर्षी बी आणि मशागत यांचा खर्च तरी निघावा एवढीच अपेक्षा ठेवून मी तिथे पेरतो, आणि पुष्कळदा तोही निघत नाही.*

*विहिरीला हिवाळ्यात पाणी चांगले असते. ऐन उन्हाळ्यात मात्र सकाळी तासभर आणि संध्याकाळी पाऊण तास मोटर चालते, त्यानंतर ती हवा ओढू लागते. त्याच पाण्यावर घर आणि चार जनावरे आहेत.*

*आसपासच्या लोकांनी डाळिंब लावले आहे, एकाने हरितगृह उभारले आहे. त्यांचे पाहून आपणही तेच करावे असे मला वाटत नाही, पण त्याऐवजी काय करावे हेही सुचत नाही. माझ्या अटी तीनच आहेत. कर्ज काढायचे नाही, एका माणसाच्या हाताने होईल एवढेच काम वाढवायचे, आणि बेत फसला तर दोन हंगामांत जमीन पुन्हा पेरणीखाली आणता आली पाहिजे. तू बाहेरून पाहतोस, बाजारात काय विकले जाते आणि कोणत्या स्वरूपात विकले जाते हे तुला रोज दिसते. म्हणून तुझ्याकडून मला नवी कल्पना हवी आहे. काकांना विचारल्याशिवाय मी काही लावणार नाही, हे वेगळे सांगायला नको.*

*तुझा,*
*धाकटा*

पत्र एवढेच आहे. मला स्वतःला डाळिंबच बरे वाटते, कारण शहरात त्याला वर्षभर मागणी दिसते. भाऊ त्याला का नाखूश आहे, हे मला कळलेले नाही.

तळ्यातमळ्यात

भावाला म्हणावे, शेततळे करून टाका. माळावर वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळे खोदावे, त्याला प्लॅस्टिकचे अस्तर घालावे आणि हिवाळ्यात विहिरीला पाणी असते तेव्हा ते भरून ठेवावे. उन्हाळ्याचा प्रश्न तिथेच संपतो. त्यानंतर डाळिंब लावा नाहीतर आणखी काही. पाणी असले की माळावरही सोने पिकते.

रानवाट

जमीन कसायला माणूस मिळत नसेल तर ती खंडाने देणे चांगले, असे माझे मत आहे. पडीक ठेवण्यापेक्षा खंडाने दिलेली बरी. मात्र करार लेखी असावा आणि मुदत एका वर्षाचीच ठेवावी.

निनाद

रानवाट, जमीन पडीक नाही आणि कसणारा माणूसही आहे, पत्र त्यानेच लिहिले आहे. प्रश्न फक्त दोन एकरांत काय लावावे एवढाच आहे.

मुरूमाड

निनाद, तुमच्या भावाने पत्रात सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे आणि तिच्यावरून तुमच्या डाळिंबाचा निकाल लागतो. मोटर सकाळी तासभर आणि संध्याकाळी पाऊण तास चालते, हे त्याने मोजले आहे. आता त्याला आणखी एकच मोजणी करायला सांगा. दोनशे लिटरचे पिंप मोटरच्या पाइपाखाली ठेवून ते किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहायचे. हा आकडा मिळाल्याशिवाय कोणतेही पीक सुचवणे म्हणजे खिसा न तपासता बाजाराला निघण्यासारखे आहे.

मातीसाठी माळावर तीन ठिकाणी, वरच्या टोकाला, मध्ये आणि उताराच्या खालच्या बाजूला, कमरेइतका खड्डा घ्यायला सांगा. माती कुठे संपते, मुरूम पहारीने फुटतो का, आणि त्याच्याखाली अखंड कातळ लागतो का, हे त्यात दिसेल. नंतर खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल, तर त्या जागी कोणतेही फळझाड लावू नये. माळ म्हणजे निचरा असणारच, असे समजून लोक फसतात. वर मुरूम दिसला तरी खाली कातळाची ताटली असली की पावसाळ्यात मुळे पाण्यात बुडून राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाडे उभ्या उभ्या वाळतात.

सुलभा

मी थोडा वेगळा मुद्दा मांडते, कारण आमच्याकडे तो फार अंगाशी आला. आमची जमीनही अशीच सामाईक होती. माझ्या दिरांनी त्यांच्या कसणुकीतल्या भागात सागाची झाडे लावली. सगळ्यांनी तोंडी होकार दिला होता. झाडे सात-आठ वर्षांची झाल्यावर वाटणीचा विषय निघाला आणि झाडे कोणाची, जमीन कोणाची, आणि वाटणीत तो तुकडा दुसऱ्याला गेला तर झाडांचे मोल कसे धरायचे, यावर घर दुभंगले. झाडे कापण्याजोगी नव्हती आणि विकण्याजोगीही नव्हती.

हंगामी पिकाचा हिशेब वर्षात मिटतो, झाडाचा मिटत नाही. तुमच्या भावाने तिसरी अट घातली आहे ती कदाचित याच भीतीने घातली असेल. झाड लावण्याआधी तो तुकडा वाटणीत कोणाकडे राहील, खर्च कोण करील, उत्पन्नात कोणाचा किती भाग असेल आणि मध्येच वाटणी झाली तर लावणाऱ्याला काय मिळेल, एवढे तरी कागदावर लिहून दोन्ही वडिलांच्या सह्या घ्याव्यात.

निनाद

सुलभाताई, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. वडिलांशी बोलतो.

मुरूमाड, भावाने सांगितल्याप्रमाणे केले. पिंप पन्नास सेकंदांत भरले. तीनही खड्ड्यांत माती साधारण एक फूट आहे आणि तिच्याखालचा मुरूम पहारीने फुटतो. वरच्या आणि मधल्या खड्ड्यांतले पाणी दुसऱ्यांदाही काही तासांत जिरले. उताराच्या खालच्या बाजूच्या खड्ड्यात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घोटाभर पाणी होते आणि तळाशी पहार खणखणली.

मुरूमाड

म्हणजे खालच्या बाजूचा पट्टा फळझाडांतून वगळा. तो किती रुंद आहे हे कळण्यासाठी वर सरकत आणखी दोन खड्डे घ्यावे लागतील.

आता पाणी पाहू. पन्नास सेकंदांत दोनशे लिटर म्हणजे तासाला १४,४०० लिटर, आणि पावणेदोन तासांत सुमारे २५,००० लिटर. पण ही मोजणी आता हिवाळ्यात, विहिरीत पाणी वर असताना झाली आहे. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की तीच मोटर तासाला कमी पाणी फेकते, म्हणून मी दिवसाला २०,००० लिटरच धरीन. त्यातून घर आणि जनावरे यांचे पाणी आधी बाजूला काढावे.

आता पिकाची बाजू. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. कोरड्या, कडक उन्हाळ्यात जमीन झाकणारे पीक दिवसाला आठेक मिलिमीटर पाणी पिते, म्हणजे एकरी बत्तीस हजार लिटर. थोडक्यात, तुमची विहीर ऐन उन्हाळ्यात एक एकर हिरवा चारासुद्धा पूर्ण जगवू शकत नाही. फळझाडांना ठिबक लावले तर फक्त झाडाच्या पसाऱ्याखालच्या जमिनीचा हिशेब करायचा असतो, म्हणून गरज कमी होते. तीन मीटर पसाऱ्याच्या डाळिंबाच्या झाडाला त्या दिवसांत साधारण ४० लिटर लागतात. एकरी तीनशे झाडे धरली तर दोन एकरांना रोजचे २४,००० लिटर होतात. यात घर नाही, जनावरे नाहीत, आणि मोटर जळाली तर हाताशी एक दिवसही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी देऊन आंबे बहार धरला, तर फळ पोसण्याचा काळ नेमका याच दिवसांत येतो. मृग बहार धरला तर पाण्याचा ताण टळतो, पण फळे पावसाळी दमट हवेत वाढतात आणि तेल्या रोगाला तीच हवा मानवते. तेव्हा फवारण्या वाढतात, आणि एका माणसाच्या हाताने त्या होत नाहीत. तुमच्या भावाची नाखुशी मला तरी बरोबर वाटते.

म्हणून मी प्रश्न उलटा मांडतो. विहीर ज्या महिन्यांत तळ गाठते त्या महिन्यांत कोणते झाड कमी पाणी मागते? मुरमाड माळावर याचे सरळ उत्तर सीताफळ हे आहे. हिवाळा सरताना ते पाने गाळू लागते, उन्हाळ्याचा बराच काळ जवळजवळ निष्पर्ण असते आणि पावसाच्या सुमारास पालवी व फुले घेते. फळ पावसाच्या पाण्यावर पोसते आणि पावसाळा सरता सरता काढणीला येते. पहिली दोन-तीन वर्षे रोपांना उन्हाळ्यात थोडे पाणी द्यावे लागेल. पण एक मीटर पसाऱ्याच्या रोपाला पाच-सहा लिटर पुरतात, आणि पाचशे रोपे धरली तरी ते तीन हजार लिटरच्या आतबाहेर राहते.

तळ्यातमळ्यात

एवढा हिशेब करण्यापेक्षा शेततळ्याने पाणी वाढवावे, हे माझे म्हणणे कायम आहे.

मुरूमाड

शेततळे वाईट नाही, पण ते कशाने भरता यावर सारे अवलंबून आहे. तुम्ही सांगितलेल्या मापाचे तळे, बाजू एकास एक उताराच्या धरल्या तर, पूर्ण भरल्यावर पावणेनऊ लाख लिटरांच्या आसपास पाणी साठवते. वरचा पृष्ठभाग चारशे चौरस मीटर. उन्हाळ्यात त्यावरून रोज तीन हजार लिटरांच्या आसपास पाणी नुसते उडून जाते. हिवाळ्याच्या अखेरीस भरलेले तळे पावसाळ्यापर्यंत न वापरता ठेवले, तरी चौथाईहून अधिक पाणी हवेत जाईल. हिवाळ्यात विहिरीतून तळे भरणे म्हणजे उन्हाळ्यात झऱ्यांतून मिळू शकणारे पाणी आधीच उपसून उन्हात ठेवणे. तेच तळे भर पावसाळ्यात, विहीर तुडुंब असताना किंवा माळावरून वाहणाऱ्या पाण्याने भरले, तर तो खरा वाढावा असतो. वाहते पाणी घेणार असाल तर तोंडाशी गाळ बसवायला छोटा खड्डा हवा, नाहीतर चार-पाच वर्षांत तळ्यात गाळच साठेल. शिवाय अस्तराचा खर्च आहे, आणि कर्ज काढायचे नाही ही पहिली अट आहे.

तळ्यातमळ्यात

पावसाळ्यात भरावे, हे मान्य. माझ्याकडे तसेच भरतो, ते लिहायचे राहून गेले. मात्र उडणाऱ्या पाण्याचा तुमचा आकडा मला जास्त वाटतो. आमच्याकडे सावली आणि कडेला दाट झाडी आहे, एवढे कमी होताना दिसत नाही.

मुरूमाड

वारा अडला आणि सावली असली तर कमी उडेल, हे खरे. उघड्या माळावर मी माझाच आकडा धरीन.

रानवाट

आता प्रश्न समजला. सीताफळ असेल तर एक गोष्ट मी खात्रीने सांगतो, त्याचा पाला शेळ्या खात नाहीत. आमच्या बांधावरची सगळी रोपे शेळ्यांनी फस्त केली, सीताफळ तेवढे शिल्लक राहिले. कुंपणाचा खर्च वाचेल.

निनाद

सर्वांचे आभार. भावाला वाचून दाखवले. त्याचे तीन प्रश्न आहेत. पूर्ण दोन एकर एकदम लावावे का? झाडे फळावर येईपर्यंत त्या जमिनीतून काही मिळेल का? आणि सीताफळ टिकत नाही अशी त्याची ऐकीव माहिती आहे, ते खरे आहे का?

मुरूमाड

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात तुमचा वाटा आहे. सीताफळ झाडावर असताना डोळे उघडू लागतात, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या खाचा रुंदावतात आणि त्यांतला हिरवा रंग फिकट पिवळसर होतो. त्या वेळी काढलेले फळ तीन-चार दिवसांत पिकून मऊ होते आणि मग एका दिवसात उतरते. खाचा उघडण्याआधी काढले तर नीट पिकत नाही, झाडावर ठेवले तर फुटते. नेहमीच्या शीतकपाटात घातले तर साल काळी पडते, म्हणून थांबवून ठेवण्याचा मार्ग फारसा नाही. यामुळे फळ कुठे विकायचे हा प्रश्न लावणीच्या आधीचा आहे. तुमच्या भावाने तुम्हाला बाजाराबद्दल विचारले, ते अगदी योग्य ठिकाणी विचारले आहे. येत्या हंगामात तुम्ही शहरातल्या फळवाल्यांकडे जाऊन पाहा की ते फळ कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या आकाराचे घेतात, किती थरांत रचलेले घेतात, आणि एका दिवसात किती खोकी खपवू शकतात. शिवाय गर काढून गोठवून घेणारे कोणी आहे का याची चौकशी करा. फुटलेली आणि लहान फळे तिथेच जातील. गर उघडा राहिला की लवकर तपकिरी होतो, तेव्हा हे काम घरी सहज होईल असे समजू नका.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, नाही. वरच्या निचऱ्याच्या भागात अर्धा एकर लावावा. चार बाय चार मीटरवर साधारण सव्वाशे झाडे बसतात. याचे कारण पाणी नसून हात आहे. सीताफळाचे फूल आधी स्त्री-अवस्थेत असते आणि परागकण नंतर सुटतात, त्यामुळे आपल्याच परागाने फळ धरणे त्याला अवघड जाते. हे काम बारीक भुंगेरे करतात, पण कोरड्या हवेत ते पुरेसे नसतात, मग फळे थोडी आणि वेडीवाकडी धरतात. मऊ कुंचल्याने सकाळी हाताने परागीकरण केले तर फळांची संख्या आणि आकार दोन्ही सुधारतात. सव्वाशे झाडांवर एका माणसाला हे जमते, पाचशेंवर जमत नाही. शिवाय फळांवर पिठ्या ढेकूण येतो. मुंग्या खोडावरून चढउतार करताना दिसल्या की तो आला असे समजावे आणि खोडाला चिकटपट्टी बांधावी, फळापर्यंत पोहोचल्यावर तो निघत नाही.

खड्डे उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल घेऊन तापू द्यावेत, वरची माती आणि कुजलेले शेणखत घालून भरावेत आणि पाऊस स्थिरावल्यावर कलमे लावावीत. कलमांना तिसऱ्या वर्षापासून थोडे फळ दिसते. तोवर ओळींमधल्या चार मीटर पट्ट्यात मूग किंवा उडीद घ्यावा, झाडापासून हातभर जागा सोडून. उंच वाढणारी तूर मात्र घेऊ नये, रोपे सावलीत लांबट होतात. उरलेल्या दीड एकरात नेहमीची पेरणी चालू राहीलच, त्यामुळे घराचे वर्ष अडत नाही. आणि बेत फसला तर सव्वाशे झाडे काढून अर्धा एकर पुन्हा पेरणीखाली आणणे त्याच्या तिसऱ्या अटीत बसते.

सुलभा

अर्धा एकर असला तरी सह्यांचा कागद करा. रक्कम लहान असते तेव्हाच माणसे शांतपणे सही करतात.

निनाद

वडिलांशी काल बोललो. अर्ध्या एकराला त्यांची हरकत नाही, परंतु कागद करायचा म्हटल्यावर त्यांनी "घरातल्या घरात कागद कशाला?" असे विचारले, आणि काकांचेही तेच म्हणणे आहे. सुलभाताई, तुमच्याकडे नंतर जो मसुदा झाला असेल त्यात कोणते मुद्दे होते, ते सवडीने सांगाल का? फळवाल्यांची चौकशी मी सुरू केली आहे. दोघांनी सांगितले की ते कडक फळच घेतात आणि पिकायला लागलेले परत पाठवतात. म्हणजे काढणीपासून शहरापर्यंत एक दिवस धरला, तर हाती किती वेळ उरतो? मुरूमाड, पहाटे काढून रात्रीच्या गाडीने पाठवणे जमेल का?

मुरूमाड

जमते, पण पहाटे दव असताना काढू नका, ओले फळ खोक्यात काळवंडते. ऊन चढण्याआधी, साल कोरडी झाल्यावर देठासकट कातरीने काढावे, सावलीत पसरून गार होऊ द्यावे आणि दोनच थर भरून संध्याकाळी पाठवावे. शहरातल्या माणसाला विकायला दोन दिवस मिळतात. तुमचे फळवाले तेवढ्यात रोज किती खोकी खपवतात, हे विचारून येथे लिहा. अर्धा एकर पुरे की पाव, ते त्यावर ठरेल.